आधी दर, मग कॅमेरा : फोनवरच्या क्लिपमधून खाद्यपदार्थांच्या स्टॉलचा प्रोमो

स्टॉलसाठी पहिला प्रोमो केला तेव्हा मी सगळ्या क्लिप आधी काढल्या आणि घरी बसून त्यांवर किमती लिहायला घेतल्या. एकाही क्लिपमध्ये किंमत लिहायला जागा नव्हती. तवा काठोकाठ भरलेला, ताटली चौकट व्यापून बसलेली, आणि जिथे थोडी मोकळी जागा दिसे तिथून दोन सेकंदांनी कालथा धरलेला हात जाई. शेवटी पदार्थाच्या मधोमध पांढरी अक्षरे लिहिली. ना पदार्थ धड दिसला, ना आकडा वाचता आला. तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे. आधी दर ठरतात, मग प्रत्येक दराची पडद्यावरची जागा ठरते, आणि त्यानंतर फोन हातात घ्यायचा. हा लेख त्याच क्रमाने जातो.

उदाहरणासाठी तीन पदार्थांचा स्टॉल घेऊ : ग्रिल्ड सँडविच, अर्ध्या आणि पूर्ण प्लेटमध्ये मिळणाऱ्या नूडल्स, आणि कॉफी. प्रोमो २४ सेकंदांचा, उभा, ९ : १६ आकाराचा. तीनपेक्षा जास्त पदार्थ एका प्रोमोत घेऊ नका. चौथा पदार्थ आला की प्रत्येकाच्या वाट्याला इतका कमी वेळ येतो, की बनवण्याची कृती कापावी लागते आणि उरतो तो नुसता दरफलक. यादी मोठी असेल तर दोन प्रोमो करा.

कागदावरची तयारी

स्टॉलवाल्यासोबत बसून प्रत्येक पदार्थाचे नाव, किंमत आणि त्या किमतीत नेमके काय मिळते हे लिहून घ्या. तिसरा भाग बहुतेक जण सोडतात आणि भांडण तिथेच होते. क्लिपमध्ये सँडविचवर जास्तीचे चीज किसले जात असेल आणि खाली साध्या सँडविचचा दर असेल, तर गिऱ्हाईक व्हिडिओतलेच सँडविच मागणार. म्हणून नियम सरळ ठेवायचा : ज्या प्लेटचा दर पडद्यावर आहे, तीच प्लेट चित्रात असायला हवी. नूडल्सची पूर्ण प्लेट दाखवून फक्त अर्ध्या प्लेटचा दर लिहायचा नाही. दोन्ही दर लिहायचे आणि दोन्ही प्लेट शेजारीशेजारी दाखवायच्या.

मग कागदावर प्रत्येक पदार्थासाठी एक उभी चौकट आखा. तिचा खालचा साधारण पाव भाग रेघा मारून बाद करा, कारण व्हिडिओ टाकल्यावर तिथे खात्याचे नाव आणि मजकूर येतो. उजव्या कडेला बटणे येतात, तिथली साधारण आठवा भाग रुंदीची पट्टीही सोडा. वरचा आठवा भागही रिकामा ठेवलेला बरा. उरलेल्या जागेत पदार्थ मध्यावर किंवा किंचित खाली, आणि त्याच्या वर डावीकडे किमतीची पाटी. तिन्ही पदार्थांची पाटी एकाच ठिकाणी ठेवा. पहिली किंमत शोधायला प्रेक्षकाला अर्धा सेकंद लागतो, पण दुसऱ्या वेळी नजर आपोआप तिथे जाते.

चित्रीकरणाची वेळ आणि उजेड

स्टॉल उघडण्याआधीचा तास चित्रीकरणासाठी सर्वांत सोयीचा. काउंटर स्वच्छ असतो, बनवणाऱ्याला थांबवून पुन्हा करायला सांगता येते आणि मागे उभ्या माणसांचे चेहरे विनापरवानगी चित्रात येत नाहीत. गर्दीची एखादी क्लिप हवीच असेल तर ती नंतर काढा, आणि त्यात पाठमोरी माणसे किंवा प्लेट घेणारे हातच दिसू द्या.

स्टॉलवरच्या छताकडे आधी नीट पाहा. रंगीत ताडपत्री असेल तर तिच्यातून येणारा उजेड पदार्थावर तोच रंग सांडतो. पिवळ्या छताखालचे चित्र एक वेळ चालून जाते, पण निळ्या छताखाली नूडल्स शिळ्या दिसतात. नंतर रंग दुरुस्त करायला गेलात तर पदार्थ सुधारतो आणि हातांचा रंग विचित्र होतो. त्यापेक्षा ताडपत्रीची एक बाजू गुंडाळून साधा उजेड आत येऊ द्या, किंवा शक्य असेल तर तवा कडेला सरकवून घ्या.

उजेड पदार्थाच्या मागून किंवा बाजूने यावा आणि त्यामागची जागा गडद असावी. वाफ दिसते ती याच मांडणीत. समोरून, म्हणजे फोनच्या बाजूने उजेड पडला की वाफ जवळजवळ नाहीशी होते आणि गरम पदार्थ थंड वाटतो. फोनचा फ्लॅश म्हणूनच बंद ठेवायचा. उजेड मागून आल्याने ताटलीची पुढची बाजू काळवंडली, तर चौकटीच्या बाहेर पांढरा पुठ्ठा धरा. तेवढा परतणारा उजेड पुरतो.

संध्याकाळी दिव्यांखाली चित्रीकरण करताना एक अडचण येते. विजेवर चालणारे बरेच एलईडी दिवे डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने लुकलुकतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झची असेल तर १२० वेळा. कॅमेऱ्याचा शटर या वेगाशी जुळला नाही की चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये शटर हाताने ठरवता येत असेल तर ५० हर्ट्झसाठी १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झसाठी १/६० किंवा १/१२०. ती सोय नसेल तर दुसरा दिवा लावून पाहा, कारण सगळेच दिवे लुकलुकत नाहीत. आधी दहा सेकंदांची चाचणी क्लिप काढायची आणि तिची पार्श्वभूमी निरखून पाहायची. पट्टे पदार्थावर सहज कळत नाहीत, पण मागच्या भिंतीवर लगेच दिसतात.

फोनच्या सेटिंग

रिझोल्यूशन १०८० × १९२० आणि ३० फ्रेम पुरेशा आहेत. ४के मध्ये काढले तर नंतर चौकट थोडी जवळ घेता येते, पण साध्या फोनवर एडिटिंग अडखळू लागते. एचडीआर व्हिडिओची सोय असेल तर ती बंद करा. एचडीआर क्लिप साध्या टाइमलाइनवर आणली की काही अॅपमध्ये ती फिकी पडते, काहींमध्ये डोळे दिपवते, आणि तिच्यावरची पांढरी पाटी राखाडी दिसू लागते. क्लिपचे रंग असे अचानक बिघडलेले दिसले तर पहिला संशय यावरच घ्या.

लेन्स प्रत्येक क्लिपच्या आधी पुसायची. तव्याजवळ पाच मिनिटांत तेलाचा पातळ थर बसतो. फोनच्या पडद्यावर तो लगेच कळत नाही, पण दिव्यांभोवती धुरकट वलय दिसू लागले की समजायचे. खिशात चष्म्याचे कापड ठेवा, कारण शर्टाच्या टोकाने तेल पुसले जात नाही, फक्त पसरते.

फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करा. पदार्थावर बोट दाबून धरले की बऱ्याच फोनवर `AE/AF LOCK` असे दिसते किंवा कुलपाचे चिन्ह येते. हे केले नाही तर वाफ उठताच फोकस मागे-पुढे पळतो, आणि पांढरी ताटली चौकटीत आली की अख्खे चित्र काळवंडते. त्या बदलत्या उजेडात पाटीवरचा आकडाही कधी उठून दिसतो, कधी बुडतो.

आणखी एक सवय लावून घ्या. फोन पदार्थाला टेकवण्याऐवजी दोन पावले मागे जा आणि २× लेन्स वापरा. अगदी जवळून काढल्यावर ताटलीची जवळची कड फुगते आणि प्लेट असते त्यापेक्षा मोठी वाटते. शिवाय फोन वाफेत आणि शिंतोड्यांत राहतो.

कोणत्या क्लिप, किती लांबीच्या

प्रत्येक पदार्थासाठी मी चार प्रकारच्या क्लिप घेतो : सुरुवातीचे सामान, कृतीचा एक ठळक क्षण, पदार्थ पूर्ण होण्याचा क्षण आणि स्थिर पडलेली प्लेट. पहिल्या तीन ६ ते ८ सेकंदांच्या पुरतात, त्यांतले दीड-दोन सेकंदच वापरले जातात. चौथी, स्थिर प्लेटची क्लिप मात्र १० सेकंदांची घ्या. फोन तिपाईवर किंवा डब्याला टेकवून ठेवा, चौकटीत काही हलू देऊ नका आणि वरची डावी जागा मोकळी सोडा. किंमत याच क्लिपवर येणार आहे. पाटीमागचे चित्र हलत राहिले तर आकडा वाचताना डोळा चाचपडतो.

सँडविचचा ठळक क्षण म्हणजे मधून कापून दोन तुकडे वेगळे करणे. सुरी खाली जाताना फोन हलवू नका. तुकडे अलग होऊन आतले सारण दिसेपर्यंत थांबा, आणि त्यानंतर आणखी दोन सेकंद. हे शेवटचे दोन सेकंद सगळे विसरतात, बटण लवकर दाबतात, आणि घरी गेल्यावर कापायला जागा उरत नाही. नूडल्समध्ये मोठ्या आचेवर उसळणारी कढई दाखवायची, तीही थोड्या खालच्या कोनातून, म्हणजे उसळलेल्या नूडल्स गडद पार्श्वभूमीवर दिसतात. वरून पाहिलेली कढई सपाट वाटते. कॉफीत दूध ओतण्याचा क्षण बाजूने घ्या. त्यासाठी पारदर्शक पेला हवा. स्टॉलवर कागदी कप मिळत असेल तर शेवटची, किमतीची क्लिप त्याच कपाची असावी.

स्लो मोशनचा मोह आवरा. १२० फ्रेमने काढलेला एक सेकंद ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर चार सेकंद खातो, आणि आपल्याकडे एका पदार्थाला पाच ते सात सेकंदच आहेत. ५० हर्ट्झच्या विजेवर तर १२० फ्रेमला शटर १/१०० इतका सावकाश ठेवताच येत नाही, त्यामुळे लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ही क्लिप फडफडणारच. वापरायचीच असेल तर एकदा, दिवसाउजेडी, नूडल्सच्या उसळीसाठी वापरा.

चित्रीकरण संपले की फोन तव्यापासून एक वीतभर दूर धरून फक्त आवाजासाठी अर्ध्या मिनिटाची क्लिप काढा : चरचर, सुरीचा कुरकुरीत आवाज, कढईवर झाऱ्याची खणखण. फोन तव्याच्या वर धरू नका, बाजूला धरा. शेजारी जनरेटर असेल तर तो बंद असतानाच हे उरका, कारण ती घरघर नंतर काढायला गेलात तर चरचरही जाते.

क्लिप तिथल्या तिथे तपासून मग निघा. आवाज बंद करून प्रत्येक क्लिप पाहायची आणि पदार्थ सोडून कडांकडे लक्ष द्यायचे. ओले फडके, कचऱ्याच्या डब्याची कड, तेलकट बाटली, ताटलीच्या काठावरचा अंगठा. अन्नाच्या व्हिडिओत लोक या गोष्टी फार चटकन टिपतात, आणि त्या पुसायला एडिटिंगमध्ये सोपा उपाय नाही.

जोडणी

लेयरची सोय असलेले कोणतेही अॅप चालेल. आपल्या २४ सेकंदांची वाटणी अशी केली. पहिले २ सेकंद नूडल्सची उसळ, खऱ्या आवाजासह, वर काहीही न लिहिता. त्यानंतर ७ सेकंद सँडविच, ६ सेकंद नूडल्स, ५ सेकंद कॉफी आणि शेवटचे ४ सेकंद स्टॉलचे नाव, जागा आणि वेळ. सँडविचला जास्त वेळ दिला, कारण त्याची कृती पायऱ्यांची आहे आणि सुरुवात त्याच्यापासून होते. नूडल्सची एक झलक आधीच दिसून गेलेली असते.

सँडविचचे ७ सेकंद उलगडून पाहू. ब्रेडवर लोणी लावणे १ सेकंद, सारण पसरणे १ सेकंद, ग्रिलखाली दाबणे १ सेकंद, कापून तुकडे वेगळे होणे दीड सेकंद, आणि स्थिर प्लेट किमतीसह अडीच सेकंद. कट हालचालीच्या मध्ये मारायचा. लोणी लावणारा हात उजवीकडे जात असतानाच पुढच्या क्लिपमधला, सारण पसरणारा हात उजवीकडे जाताना दिसला, तर मधली गळालेली वीस सेकंदे कुणाला जाणवत नाहीत. हात थांबल्यावर कापले तर प्रत्येक जोड धक्क्यासारखा लागतो. फिरत्या, उडत्या ट्रान्झिशनची इथे गरज नाही. त्या पाटीवरचे लक्ष खातात.

आवाजाचा थर वेगळा टाका. चरचर ठळक ठेवा, संगीत तिच्या खूप खाली. व्यवसायाच्या खात्यावरून टाकलेल्या व्हिडिओत प्रसिद्ध गाणे वापरले तर परवान्याअभावी आवाज बंद केला जाऊ शकतो, म्हणून व्यावसायिक वापराला मोकळे असलेलेच संगीत घ्या.

किमतीची पाटी

पाटीत दोनच गोष्टी असाव्यात, नाव आणि आकडा. आकडा नावाच्या निदान दीडपट मोठा. आकड्याची उंची पडद्याच्या रुंदीच्या साधारण दहाव्या भागाइतकी ठेवली, की फोन हातभर लांब धरूनही तो वाचता येतो. अक्षरांमागे गडद, जवळजवळ अपारदर्शक पट्टी घाला. नुसती सावली किंवा बाह्यरेषा अन्नावर पुरत नाही, कारण नूडल्ससारख्या पदार्थात उजळ आणि गडद भाग एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की अक्षराचा अर्धा भाग उठतो आणि अर्धा हरवतो.

मराठी अक्षरे टाकताना तीन ठिकाणी चुका होतात. काही फॉन्टमध्ये जोडाक्षरे सुटी पडतात किंवा वेलांटी चुकीच्या जागी जाते. असे दिसले तर फॉन्ट बदला, अक्षरे हाताने जुळवत बसू नका. दुसरे, पट्टीची उंची अॅपने बेताची ठेवली असेल तर वरची मात्रा आणि रफार कापला जातो, म्हणून वर थोडी जास्त जागा सोडा. तिसरे आकड्यांचे. देवनागरी एकचा आकडा सवय नसलेल्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि किमतीत ही गफलत महागात पडते. स्टॉलच्या फलकावर ज्या लिपीतले आकडे आहेत तेच पाटीवर वापरा. गिऱ्हाईक अनेक भाषांचे असेल तर दोन्हीकडे इंग्रजी आकडे ठेवलेले सुरक्षित.

पाटी स्थिर प्लेटच्या क्लिपसोबतच यावी आणि तिच्यासोबतच जावी. ती पुढच्या पदार्थावर अर्धा सेकंद जरी रेंगाळली, तरी कॉफीच्या चित्रावर नूडल्सचा दर दिसतो. हे तपासायला टाइमलाइन मोठी करून पाटीची शेवटची फ्रेम आणि क्लिपची शेवटची फ्रेम एकाखाली एक जुळवा. वेळ पुरेशी आहे का हे पाहायला मजकूर मनात दोनदा वाचा. दोन वाचनांत पाटी गेली नाही तर ठीक. ‘नूडल्स, अर्धी ८०, पूर्ण १४०’ एवढ्याला मला तीन सेकंद लागतात, म्हणून नूडल्सच्या सहा सेकंदांतले तीन पाटीला दिले आणि कृतीची एक क्लिप काढून टाकली. दोन दर असतील तर प्रत्येक आकडा त्या-त्या प्लेटच्या वर यावा. एका ओळीत लिहिले तर कोणता कुणाचा हे कळायला उगाच वेळ जातो.

यानंतर दोन फाइली काढा. एक पाट्यांसह, दुसरी पाट्या लपवून. दुसऱ्या फाइलीचे मोल दर बदलल्यावर कळते. एकदा माझ्याकडे फक्त किमती छापलेली फाइल उरली होती, मूळ क्लिप जागा करायला पुसल्या होत्या, आणि दर वाढल्यावर सगळे चित्रीकरण पुन्हा करावे लागले. आता बिनपाटीची फाइल आणि पाट्यांची पारदर्शक चित्रे एका फोल्डरमध्ये राहतात. दर बदलला की एकच चित्र बदलायचे, पाच मिनिटांचे काम. जुना व्हिडिओही त्याच दिवशी सगळीकडून काढून टाकायचा.

एक्स्पोर्ट करताना १०८० × १९२०, ३० फ्रेम, H.264 आणि सेकंदाला १० ते १२ मेगाबिट ठेवा. १२ धरले तर २४ सेकंदांची फाइल साधारण ३६ एमबीची होते. स्टॉलवाल्याला मेसेजवरून पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा व्हिडिओ म्हणून पाठवली तर अॅप ती दाबून लहान करते, आणि पाटीच्या कडा सगळ्यांत आधी फुटतात.

टाकण्याआधी माझी चाचणी एकच. स्टॉल कधी न पाहिलेल्या एखाद्याच्या हातात फोन द्यायचा, ब्राइटनेस निम्मा, आवाज बंद, उन्हात उभे करून. एकदा पाहू द्यायचे आणि मग विचारायचे, तीन पदार्थ कोणते आणि कोणता कितीला? परवाच्या प्रोमोत कॉफीचा दर कुणालाच सांगता आला नाही. पाटी बरोबर जागी होती, पुरेसा वेळही होती, पण त्याच क्षणी पेल्यातून वाफ उठत होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. वाफेची क्लिप आधी सरकवली, किंमत शांत कपावर आणली, आणि पुढच्या तिघांनी तिन्ही दर अचूक सांगितले.